चार गोडांचे पैसे घेतले, मुगाची डाळ भिजवली तीन किलो

बहिणीच्या लग्नात केटररने आम्हाला चक्क लुटलं. तुमच्या घरी कार्य असेल तर वाचाच.

४५० पाहुणे. ७०० रुपयांच्या ताटात गुलाबजाम धरलेला. वर जिलबी-रबडी, मुगाचा हलवा आणि कुल्फी, प्रत्येकी ४५ रुपये माणशी. म्हणजे गोडाचेच जादा ६०,७५०.

ठरवताना मी विचारलं होतं, "माणशी किती धरता?" तो म्हणाला, "दादा, चार गोडं असली की सगळी कोणी घेत नाही. दोन-तीन घेतात, तीही थोडी थोडी." आणि त्याच हाताने कागदावर तिन्हींपुढे ४५० लिहिलं! तिथेच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. सगळे घेत नाहीत, मग पैसे सगळ्यांचे कसे? दुकानाचा हिशेब मी रोज ठेवतो, तरी बोललो नाही. हॉलचे पैसे भरायचे होते, आई घाई करत होती, आणि बहिणीच्या लग्नात गोडावरून घासाघीस करताना जीभ रेटत नाही. कोणाचीही रेटली नसती.

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. एकच गोड असतं तर माणशी दोन गुलाबजाम लागतात. चार असताना एक-सव्वा पुरतो, हलवा ५०-६० ग्रॅम पुरतो. म्हणजे ५०० गुलाबजाम आणि २५ किलो हलवा बास होता. त्याने तेवढंही केलं नाही. सव्वानऊला, निम्मी पंगत बाकी असताना, हलव्याचं पातेलं खरवडलेलं. मावसभाऊ आत गेला, तर गुलाबजामचे शंभराचे तीनच ट्रे. आचारी सहज बोलून गेला, "डाळ तीनच किलो भिजवायला सांगितली होती." तीन किलो डाळीचा हलवा फार तर १२-१३ किलो, माणशी तीस ग्रॅमसुद्धा नाही! वाढप्यांच्या हातात चहाचे चमचे का दिले होते, ते तेव्हा कळलं. व्याह्यांकडची माणसं रिकाम्या काउंटरसमोर उभी होती. तो क्षण डोळ्यांसमोरून जात नाही.

कागदावर "४ स्वीट्स" एवढंच लिहून घेऊ नका. नग आणि किलो लिहून घ्या.

पोलीस चौकीत म्हणाले, "हा दिवाणी मामला, ग्राहक मंचात जा." ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, नंबर मिळाला. तीन आठवड्यांनी मेसेज आला की समोरच्याने उत्तर दिलं नाही, ग्राहक आयोगाकडे जा. तिथे पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, पण खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "वजन ठरलं होतं याचा पुरावा?" नव्हता. पक्की पावतीही नव्हती. चार चकरा, चार दिवस दुकान बंद, आणि प्रत्येक टेबलावर तेच ऐकलं की तुम्हीच बघून घ्यायला हवं होतं. लुटणाऱ्याला मात्र कोणी एक फोनसुद्धा केला नाही.

जेवण सुरू होण्याआधी घरचा एक माणूस आत पाठवा. ट्रे मोजा, पातेल्यांचे फोटो काढा. निम्मे पैसे जेवण उरकेपर्यंत हातात ठेवा. मी आदल्या दिवशीच सगळे दिले होते.