दहा टक्के सांगितले, निघाले अठरा. सेकंडहँड गाडीचं लोन घेताय तर शेड्यूलची पहिली ओळ आधी वाचा

ऐरोलीत आमचा डब्यांचा धंदा आहे, म्हणजे स्वयंपाक आणि हिशोब बायकोचा, पोचवायचं काम माझं. महापे एमआयडीसीतल्या दोन-तीन कंपन्यांची ऑर्डर मिळाली आणि स्कूटरवर भागेना म्हणून सेकंडहँड छोटा टेम्पो घ्यायचं ठरवलं. 3 लाखांचं लोन हवं होतं. बँक 13 टक्के म्हणत होती आणि कागदपत्रं भरपूर मागत होती. तेवढ्यात गाडीच्या डीलरने त्याच्या ओळखीचा एक फायनान्सवाला एजंट घरीच पाठवला. एकदम गोड माणूस, दादा-वहिनी करत चहा प्यायला आणि म्हणाला बँक तेरा घेते ना, मी दहात करून देतो, 36 हप्ते, आजच साइन करा, स्कीम उद्या बंद होतेय.

त्याने वहीच्या पानावर हिशोब मांडून दिला, ते पान अजून आहे आमच्याकडे. 3 लाखाचे दहा टक्के वर्षाला 30 हजार, तीन वर्षांचे 90 हजार, एकूण 3,90,000, भागिले 36, हप्ता 10,833. त्यातलं व्याज 2,500 आणि मुद्दल 8,333, दर महिन्याला सेम. बँकेचा हप्ता साधारण 10,108 बसत होता, मग दर कमी असून तुमचा हप्ता जास्त कसा असं बायकोने तिथल्या तिथे विचारलं. तर म्हणे वहिनी त्यात इन्शुरन्स आणि जीएसटी धरलाय. हे धादांत खोटं होतं. लोनच्या व्याजावर जीएसटी लागतच नाही, तो लागतो प्रोसेसिंग फीवर, आणि फी त्यांनी वेगळी कापली होतीच, 6 हजार अधिक जीएसटी, म्हणजे हातात आले 2,92,920.

वर्षभर हप्ते नीट गेले. मग भिशी लागली, म्हटलं लोन बंद करून टाकू. वहीच्या पानाप्रमाणे बारा हप्त्यांत 1 लाख मुद्दल फिटलं, उरले 2 लाख. फोरक्लोजर लेटर मागवलं तर त्यात बाकी 2,17,173, वर 4 टक्के चार्जेस आणि त्याच्यावर जीएसटी. सतरा हजार कुठून आले? एजंट फोन उचलेना. वाशीच्या ऑफिसात गेलो तर काउंटरवरच्या मुलीने रिपेमेंट शेड्यूल प्रिंट काढून हातात दिलं आणि म्हणाली सर सिस्टीममध्ये हेच आहे.

आता हे शेड्यूल नीट बघा कारण सगळी मेख इथेच आहे. पहिली ओळ: हप्ता 10,833, त्यात व्याज 4,479 आणि मुद्दल फक्त 6,354. वहीच्या पानावर व्याज होतं 2,500! दुसरी ओळ: बाकी 2,93,646, व्याज 4,385, मुद्दल 6,448. असं व्याज दर महिन्याला थोडं थोडं उतरत जातं आणि शेवटच्या हप्त्यात जेमतेम 160 रुपये राहतं. बारा ओळींच्या व्याजाची बेरीज केली तर 47 हजारांच्या वर. म्हणजे तीन वर्षांच्या 90 हजारातलं अर्ध्याहून जास्त व्याज त्यांनी पहिल्याच वर्षात वसूल केलेलं.

व्याज आधी जास्त आणि नंतर कमी, ही फसवणूक नाही हां, बँकेच्या लोनलाही तसंच असतं कारण सुरुवातीला बाकी जास्त असते. फसवणूक दरात आहे. पहिल्या महिन्याचं व्याज घ्या, बाराने गुणा आणि त्या महिन्याच्या सुरुवातीच्या बाकीने भागा. 4,479 गुणिले 12 म्हणजे 53,748, भागिले 3 लाख, झाले 17.9 टक्के. पहिल्या हप्त्यात कधीकधी जास्तीचे किंवा कमी दिवस धरलेले असतात म्हणून दुसऱ्या ओळीवर पण करून बघा, 4,385 गुणिले 12 भागिले 2,93,646, तेच 17.9. खरंच दहा टक्के असते तर पहिल्या ओळीत 2,500 व्याज आलं असतं, पुढे ते कमी कमी होत गेलं असतं आणि हप्ता 9,680 बसला असता. तीन वर्षांचं व्याज साडेअठ्ठेचाळीस हजार, 90 नाही.

त्याचे दहा टक्के होते फ्लॅट. म्हणजे मुद्दल फिटत चाललं तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण 3 लाखांवरच धरायचं. त्यामुळे कोणी दाखवलेल्या कागदावर दर महिन्याचं व्याज सारखंच दिसलं की समजून जा फ्लॅट आहे, आणि तीन वर्षांच्या लोनला खरा दर सांगितलेल्या दराच्या पावणेदोन पटीच्याही थोडा वरच जातो. बँकेचे तेरा टक्के आम्हाला याच्या दहापेक्षा 26 हजारांनी स्वस्त पडले असते. शेड्यूल नसेल आणि फक्त हप्ता माहीत असेल तर एक्सेलमध्ये हे टाका:

```
=RATE(36,-10833,300000)*12
```

उत्तर 0.179 येतं, म्हणजे 17.9 टक्के. 300000 च्या जागी हातात पडलेले 292920 टाकले तर साडेएकोणीसच्याही वर जातं, कारण फी पण तुमच्याच खिशातून गेलेली असते.

सगळ्यात चीड याची आली की हे आकडे आमच्या कागदांत होते. 1 ऑक्टोबर 2024 पासून रिझर्व्ह बँकेने अशा लोनला की फॅक्ट स्टेटमेंट सक्तीचं केलंय, त्यात एपीआर म्हणजे फीसकट वार्षिक दर आणि पूर्ण शेड्यूल द्यावं लागतं, तेही कर्जदाराला कळेल अशा भाषेत. आमचं आलं इंग्रजीत, लांबलचक पीडीएफमध्ये, आणि ओटीपी एजंटने समोर बसून घाईघाईत घेतला. त्या स्टेटमेंटमधल्या अटी किमान तीन वर्किंग डे कायम ठेवाव्या लागतात, म्हणजे ते "स्कीम उद्या बंद" पण थापच.

ऑफिसातला मॅनेजर म्हणाला आता क्लोज करून उपयोग नाही, व्याज तर तुम्ही भरून बसलात. यावर विश्वास ठेवू नका, शेड्यूल काढा आणि उरलेल्या ओळींचं व्याज बघा. आमचे 24 हप्ते म्हणजे 2,59,992, त्यातून बाकी 2,17,173 वजा केली तर अजून पावणेत्रेचाळीस हजारांच्या वर व्याज जाणार होतं. चार्जेस जीएसटीसकट सव्वादहा हजार. म्हणजे साडेबत्तीस हजार वाचत होते. हां, शेवटचे पाच-सहा हप्ते राहिले असते तर त्याचं खरं ठरलं असतं, तेव्हा उरलेलं व्याज चार्जेसच्या आसपासच येतं.

आम्ही भिशीचे पैसे आणि भावाकडून थोडे घेऊन लोन बंद केलं, एनओसी आणि फॉर्म 35 घेऊन वाशी आरटीओत गाडीच्या आरसीवरून फायनान्सचं नाव काढायला टाकलंय. कंपनीकडे वहीच्या पानाचा फोटो जोडून लेखी तक्रार दिली आहे. 30 दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर टाकायची, फुकट होते, वकील लागत नाही. फरकाचे पैसे मिळतील अशी मला फार आशा नाही कारण सही आमचीच आहे. डीलरला मात्र तोंडावर बोलून आलो, तर म्हणतो दादा, मी फक्त नंबर दिला होता.