सतत बंद पडणारा गेम आणि व्हिडिओ कॉल : स्क्रीन शेअर करावी की फोनचा कॅमेरा रोखावा?

माझा मावसभाऊ ओंकार याने त्या संध्याकाळी संगणकावरूनच कॉल लावला आणि म्हणाला, "ताई, गेम परत बंद पडला. काही संदेशही येत नाही, सरळ डेस्कटॉप दिसतो." गेम त्याने दोनदा काढून नव्याने टाकला होता आणि गेमच्या फायली तपासूनही घेतल्या होत्या. खेळायला बसल्यापासून सुमारे चाळीस मिनिटांनी, नदी ओलांडून नवा प्रदेश उघडू लागला की गेम नाहीसा होत असे. मी त्याला स्क्रीन शेअर करायला सांगितले. दुसऱ्याचा संगणक दुरून तपासताना बहुतेक जण हेच सांगतात, पण त्या दिवशी या सवयीपायी आमचा अर्धा तास वाया गेला. अशा प्रसंगी स्क्रीन शेअर आणि फोनचा कॅमेरा यांपैकी काय निवडावे, असा प्रश्न ज्यांच्यापुढे आहे, त्यांच्यासाठी दोन्ही मार्ग त्याच कॉलच्या आधारे मांडते.

स्क्रीन शेअरचा मोठा गुण म्हणजे अक्षरे स्वच्छ वाचता येतात. ओंकारचा माउस कुठे फिरतो, तो कोणती खिडकी उघडतो आणि घाईत कोणता संदेश न वाचताच बंद करतो, हे सारे मला दिसत होते. "डावीकडच्या यादीतले तिसरे नाव" एवढे म्हटले तरी पुरत होते. मात्र काही गेम पूर्ण पडद्यावर चालू असताना समोरच्याला केवळ काळी चौकट दिसते, आणि फक्त गेमची खिडकी शेअर केली असेल तर गेम बंद पडताच चित्रही जाते. म्हणजे जो क्षण पाहायचा तोच हातून निसटतो. संपूर्ण पडदा शेअर केल्यास ही अडचण बरीच कमी होते.

खरी अडचण निराळीच आहे, आणि ती मला उशिरा उमगली. स्क्रीन शेअर चालू असताना गेम चाळीस मिनिटांनी नव्हे, तर सहाव्याच मिनिटाला बंद पडला. मला वाटले की आता बिघाड वाढला आहे, म्हणून मी ग्राफिक्स ड्रायव्हरवर संशय घेतला आणि तो काढून नव्याने टाकायला लावला. काहीही फरक पडला नाही. ओंकार वैतागून म्हणाला, "तू बघायला लागलीस की जास्तच लवकर बंद पडतो." त्याच्या या तक्रारीतच उत्तर होते. कॉल आणि स्क्रीन शेअर ज्या संगणकावर चालतात, त्याच संगणकाची मेमरी आणि प्रोसेसर त्यांनाही लागतो. त्यामुळे ज्या यंत्राचा दोष शोधायचा, त्याच्यावरच आपण नवे ओझे टाकत असतो.

म्हणून आम्ही संगणकावरचा कॉल बंद केला आणि फोनवरून जोडले गेलो. ओंकारने चार पुस्तकांच्या चळतीला फोन टेकवून मागचा कॅमेरा पडद्याकडे रोखला. सुरुवातीला पडद्यावर चकाकी आणि सरकते पट्टे दिसत होते. फोन किंचित तिरका केल्यावर चकाकी गेली आणि पडद्याचा उजेड थोडा बदलल्यावर पट्टेही फिके झाले. तरीही बारीक अक्षरे मला वाचता येत नव्हती, त्यामुळे प्रत्येक आकडा तो मोठ्याने वाचून दाखवत होता. हा मार्ग संथ आहे आणि चुकीचे ऐकण्याचा धोकाही त्यात आहे. पण संगणक आता त्याच्या रोजच्या स्थितीत होता, आणि गेम कोलमडून संगणक बंद पडला असता तरी आमचे बोलणे तुटले नसते.

मी त्याला गेम लहान खिडकीत चालवून शेजारी `Task Manager` उघडा ठेवायला सांगितले आणि `Performance` मधील `Memory` या पानावर `Committed` समोरचे दोन आकडे, म्हणजे प्रोग्रामांना देऊ केलेली मेमरी आणि तिची मर्यादा, वाचायला लावले. गेम सुरू करण्यापूर्वी तेथे 3.2/7.8 GB असे होते. मुख्य मेनू उघडल्यावर पहिला आकडा 6.6 झाला आणि पुढे तो हळूहळू चढत गेला. नदीपाशी ओंकारने "सात पूर्णांक सात" असे वाचले आणि पुढच्याच क्षणी गेम गेला. संगणकावर कॉल चालू असताना आरंभीचाच आकडा 4.3 होता, हे त्याने नंतर तपासून सांगितले. त्यात गेमला सुरुवातीला लागणारे 3.4 मिळवले की तेच 7.7 येतात. चाळीस मिनिटे आणि सहा मिनिटे, दोन्हींचे कारण एकच होते.

येथे एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. मेमरी भरलेली नाही, याची ओंकारला खात्री होती, कारण वापराची टक्केवारी त्याला कधीच ऐंशीच्या वर दिसली नव्हती. परंतु विंडोज प्रोग्रामांना जितकी मेमरी देण्याचे मान्य करते, तिची मर्यादा म्हणजे प्रत्यक्ष रॅम आणि रॅमला जोड म्हणून विंडोज डिस्कवर ठेवते ती पेज फाइल यांची बेरीज असते. मागितलेली सगळी मेमरी प्रोग्राम लगेच वापरत नाहीत, म्हणून रॅम मोकळी दिसत असतानाही ही मर्यादा संपू शकते. ओंकारच्या संगणकात 8 GB रॅम आहे आणि मर्यादा 7.8 दिसत होती, म्हणजे पेज फाइल नव्हतीच. विचारल्यावर त्याने सांगितले की गेमसाठी डिस्कवर जागा करताना त्याने ती बंद केली होती.

विंडोजने ठेवलेल्या नोंदींत हेच कारण दिसते का, ते पडताळण्यासाठी मात्र आम्ही पुन्हा स्क्रीन शेअरकडे वळलो, कारण गेम आता बंद होता आणि वाचायचे होते पुष्कळ. त्याने `eventvwr.msc` उघडून `Windows Logs` मधील `System` मध्ये पाहिले, तेव्हा `Resource-Exhaustion-Detector` या नावाची, 2004 क्रमांकाची नोंद गेम बंद पडण्याच्या वेळेशी जुळत होती. सर्वाधिक मेमरी घेणाऱ्या प्रोग्रामांची नावे त्या नोंदीत असतात. सहाव्या मिनिटाच्या नोंदीत गेमच्या पाठोपाठ आमच्या कॉलच्या प्रोग्रामचे नाव होते. दुरूनच संगणकाचा ताबा घेणे हा तिसरा मार्गही आहे, पण तोही त्याच मेमरीत वाटेकरी होतो, म्हणून त्याचा विचार मी केला नाही.

तेव्हा निवड करताना गेम केव्हा बंद पडतो, हे आधी विचारावे. उघडताच दरवेळी एकाच जागी बंद पडत असेल, तर कारण बहुधा एखादी हरवलेली फाइल किंवा चुकीची मांडणी असे असते. तेथे स्क्रीन शेअरने काही बिघडत नाही आणि वेळही वाचतो. काही काळ चालून बंद पडत असेल, किंवा इतर प्रोग्राम उघडे असताना लवकर बंद पडत असेल, तर बिघाड घडेपर्यंत फोनच वापरावा आणि स्क्रीन शेअर नंतरच्या वाचनापुरती ठेवावी. समोरची व्यक्ती आकडे वाचायला कंटाळणारी असली तरीही माझे मत हेच राहील.

ओंकारने `sysdm.cpl` मधून पेज फाइलची व्यवस्था पुन्हा विंडोजकडे सोपवली, त्यासाठी एक जुना गेम काढून जागा केली आणि संगणक नव्याने सुरू केला. मर्यादा आता 13.8 दिसत होती. डिस्क रॅमइतकी वेगवान नसल्यामुळे नवा प्रदेश उघडताना चित्र दोनदा अडखळले. ते अडखळणे रॅम वाढवल्याशिवाय पूर्ण जाणार नाही, असे मी त्याला सांगितले. फोन पुस्तकांना टेकवलेलाच होता. "सात पूर्णांक सात," तो म्हणाला, आणि थोड्या वेळाने, नदीच्या पलीकडून, "आठ पूर्णांक तीन, ताई."