पंधरा हजारांची क्रेडिट नोट

बेळगावच्या उद्यमबागेत माझं छोटं मशीनशॉप आहे. दोन व्हीएमसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मिलिंग मशिनं, एक जुना लेथ आणि सहा माणसं. हायड्रोलिकवाल्यांची जॉबवर्कं करतो. 2023 च्या एप्रिलमध्ये पुण्याच्या एका सर्व्हिस कंपनीबरोबर दोन्ही व्हीएमसींची तीन वर्षांची एएमसी, म्हणजे देखभालीचा करार केला. कंपनीचं नाव देत नाही, कारण सुटताना तसं लिहून दिलंय. करारात काय होतं ते मात्र सांगतो. त्याच मजकुराचे करार आमच्या गल्लीतल्या आणखी दोघांकडे निघाले.

करार चौदा पानी, इंग्रजी. मी मराठी माध्यमातला, पण इंग्रजी वाचता येत नाही अशातला भाग नाही. वाचलं नाही, एवढंच. पहिल्या पानावर दर होता: वर्षाला 1,80,000, म्हणजे महिन्याला पंधरा हजार. दर तीन महिन्यांना 45,000 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, मिळून 53,100, तेही आगाऊ. दर परवडला, सही ठोकली.

10 ऑक्टोबरला त्यांचा टेक्निशियन आला. दुपारभर खुडबूड केली, ऑपरेटरची रिपोर्टवर सही घेतली आणि संध्याकाळच्या बसने गेला. तीन आठवडे गेले. मग खानापूरचा आमचा ऑपरेटर म्हणाला, "मालक, बोअरचं सेंटर हलायलंय की. ऑफसेट देऊन देऊन कंटाळलो." डायल गेज लावून बघितलं तर एक्स अक्षात 0.08 मिलिमीटर बॅकलॅश, म्हणजे ढिलेपणा. कव्हर काढलं. मशीनचं टेबल सरकवणाऱ्या बॉलस्क्रूच्या नटाला तेल नेणारी बारीक नळी फिटिंगमधून सुटून लोंबत होती. तिच्याखाली तेलाचं थारोळं, आणि स्क्रू कोरडा ठक्क. सर्व्हिसच्या वेळी काढलेली नळी परत नीट बसवलीच नव्हती. हात लावण्याआधी फोटो काढला, आणि या सगळ्या प्रकरणात मी केलेली शहाणपणाची गोष्ट ती एकच.

नवा बॉलस्क्रू नटसकट 1,38,000 ला पडला. मशीन नऊ दिवस बंद. गिऱ्हाईक तुटू नये म्हणून बाहेरून काम करून घेतलं, त्याचे 62,000. म्हणजे हिशेबात दाखवता येणारं नुकसानच दोन लाखांचं. पुण्याला फोटो पाठवले. चूक त्यांनी नाकारली नाही. गोड आवाजात पान अकरा काढायला सांगितलं.

तिथे दोन कुलपं होती. एक म्हणजे उत्पादन बंद पडणं, ऑर्डर जाणं असल्या नुकसानीला कंपनी जबाबदार नाही. आणि दुसरं, कारण कोणतंही असो, कंपनीची एकूण जबाबदारी एका महिन्याच्या फीपेक्षा जास्त नाही. मला पंधरा हजार मिळाले, तेही रोख नव्हे तर पुढच्या बिलात वळते करायची क्रेडिट नोट. बॉलस्क्रू तर 'झिजणारे भाग' म्हणून आधीच करारातून वगळला होता.

जबाबदारीला मर्यादा घालणं गैर नाही. पंधरा हजार घेणारा माणूस दोन कोटींच्या दाव्याला बांधला जाणार नाही, हे मलाही कळतं. पण 'कारण कोणतंही असो' हे शब्द खटकायला हवे होते. मशीन आपोआप बिघडणं वेगळं आणि त्यांच्या माणसाच्या हातून बिघडणं वेगळं. मर्यादा निदान वर्षाच्या फीएवढी हवी, आणि त्यांच्या कामामुळे झालेलं मशीनचं नुकसान त्या मर्यादेबाहेर हवं. एवढं एक वाक्य घालून मागितलं असतं तर बहुधा मिळालंही असतं, कारण सही होईपर्यंत त्यांचा माणूस दिवसाला चार फोन करत होता.

चिडून मी जानेवारीचा हप्ता थांबवला आणि ईमेल टाकला की करार संपला. ही माझी दुसरी चूक. उलट नोटीस आली. वादाच्या कारणाने पैसे अडवता येत नाहीत, उशिराला महिना दोन टक्के व्याज. ईमेल ही नोटीस नव्हे, रजिस्टर पोस्टच लागतं. आणि मुदतीआधी बाहेर पडलात तर उरलेली सगळी फी भरा. नऊ महिने झाले होते, सत्तावीस उरले होते. सत्तावीस गुणिले पंधरा हजार, म्हणजे 4,05,000. एकही पाना न उचलता.

हे सगळं घेऊन कोर्टासमोरच्या एका जुन्या वकिलांकडे गेलो. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "तक्रार लेखी कधी केलीत?" नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, म्हटलं. ते हळहळले. समोरची कंपनी उद्यम नोंदणीतली लघुउद्योग होती. 2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार सेवा मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर ती सेवा स्वीकारली असं धरतात. मग बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावं लागतं, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. हा कायदा आपल्यासारख्यांना पैसे मिळवून देण्यासाठी आहे, तो आपल्याच अंगावर येऊ शकतो हे डोक्यातही नव्हतं. आमची हरकत तीन आठवड्यांनी गेली होती, आणि रिपोर्टवर ऑपरेटरची 'समाधानकारक'खाली सही होती. ते पोर काय वाचणार! आता सर्व्हिस रिपोर्टवर 'तपासणी बाकी' असं लिहूनच सही करायची, असं दुकानात सांगून ठेवलंय.

चार लाखांचं मात्र वकिलांनी फारसं मनावर घेतलं नाही. कराराच्या कायद्याचं कलम 74 सांगतं की दंडाचा आकडा लिहिलेला असला तरी कोर्ट वाजवी भरपाईच देतं, लिहिलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा. न केलेल्या सत्तावीस महिन्यांच्या कामाची पूर्ण फी वाजवी ठरवून घेणं कंपनीला जड गेलं असतं. लवाद त्यांचाच डायरेक्टर नेमणार, असंही कलम होतं. ज्याचा निकालात स्वार्थ आहे त्याने एकट्याने लवाद नेमू नये, असं सुप्रीम कोर्टाने 2019 मध्ये म्हटलंय, त्यामुळे तेही टिकणारं नव्हतं. पण लवादाचं ठिकाण पुणे होतं. "बरोबर तुमचंच हाय हो," वकील म्हणाले, "पण ते सांगायला दर तारखेला पुण्याची बस धरायला लागतेय."

शेवटी एका तिमाहीचे 53,100 देऊन मोकळा झालो. क्रेडिट नोट करारासोबत संपली, ती वापरायला बिलच उरलं नाही.

गेल्या वर्षी गावातल्याच एका इंजिनिअरबरोबर नवी एएमसी केली. दोन पानं, मराठीत. तिमाही संपल्यावर पैसे, वादातल्या रकमेपुरतेच अडवायचे. दोन्ही बाजूंना तीस दिवसांची नोटीस, ईमेल चालेल, आगाऊ काही दिलं असेल तर दिवसांच्या हिशेबाने परत. दोनदा बोलावून चोवीस तासांत आला नाही तर करार तिथेच संपतो. त्याच्या मसुद्यातही एक ओळ होती, मुदत संपताना कळवलं नाही तर करार आपोआप वाढेल म्हणून. ती मी पेनाने खोडली आणि शेजारी दोघांच्या सह्या घेतल्या. तो हसला, म्हणाला, "अण्णा, ही ओळ मी कुठल्यातरी पुण्याच्या करारातनं उतरून घेतलो होतो."