नाराज ग्राहकाला वरिष्ठांशी जोडून देणारी मेल: कोणी लिहावी, वेळ कशी द्यावी

एकच तक्रार दोनदा बंद होऊन तिसऱ्यांदा उघडली, की ग्राहकाला ‘आम्ही लक्ष घालतो आहोत’ हे वाक्य ऐकवत नाही. त्याला ठरवू शकणाऱ्या माणसाशी बोलायचं असतं. हा फोन जुळवून देणारी मेल तीन प्रकारे जाते. रोज तक्रार हाताळणारी व्यक्ती ती लिहिते, वरिष्ठ स्वतः लिहितात, किंवा कॅलेंडरची लिंक पाठवून वेळ निवडायला सांगितली जाते. यांतलं काय निवडायचं ते एका प्रसंगावरून पाहू. प्रसंग आणि नावं मानलेली आहेत, पण सेवा विभागात काम केलेल्यांना ओळखीची वाटतील.

चाकणमधल्या एका कारखान्यात स्क्रू कॉम्प्रेसर ‘हाय टेम्परेचर’ दाखवून बंद पडतो. पहिल्या भेटीत तंत्रज्ञाने ऑइल कूलर साफ केला, दुसऱ्या भेटीत थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह बदलला. बुधवारी सकाळी मशीन पुन्हा ट्रिप झालं आणि मेंटेनन्स मॅनेजरची मेल आली: ‘तिसरी वेळ. आता तुमच्या वरच्यांशी बोलायचं आहे.’ तंत्रज्ञाचं म्हणणं असं, की कॉम्प्रेसरच्या खोलीतून गरम हवा बाहेर जात नाही. ग्राहकाचं म्हणणं, मशीनच खराब आहे.

पहिला मार्ग, म्हणजे रोजच्या व्यक्तीने लिहिलेली आणि वरिष्ठांना सीसीत ठेवलेली मेल:

> विषय: कॉम्प्रेसर तिसऱ्यांदा ट्रिप – आज सेवाप्रमुखांचा फोन, १२ किंवा ५ वाजता
>
> नमस्कार सर,
>
> आज सकाळी कॉम्प्रेसर तिसऱ्यांदा बंद पडला आणि तुमची लाइन थांबली, याबद्दल मनापासून दिलगीर आहे.
>
> आमचे सेवाप्रमुख अजित पेंडसे आज तुमच्याशी १५ मिनिटं बोलतील. आधीच्या दोन्ही भेटींचे रिपोर्ट त्यांनी वाचले आहेत. पर्यायी कॉम्प्रेसर पाठवणं आणि कूलर विनाशुल्क बदलणं, हे दोन्ही निर्णय ते फोनवरच घेऊ शकतात.
>
> आज दुपारी १२ की संध्याकाळी ५, कोणती वेळ सोयीची? ११:३० पर्यंत उत्तर दिसलं नाही, तर ते ५ वाजता तुमच्या मोबाइलवर फोन करतील. त्यांचा नंबर खाली दिला आहे.
>
> आमच्या नोंदीप्रमाणे पहिल्या भेटीत कूलर साफ केला, दुसऱ्या भेटीत व्हॉल्व्ह बदलला. यात काही राहिलं असेल तर जरूर सांगा.
>
> मुग्धा, सेवा विभाग

या मेलची ताकद सेवाप्रमुखांच्या अधिकारांविषयीच्या वाक्यात आहे. नुसतं ‘आमचे वरिष्ठ अधिकारी संपर्क साधतील’ असं लिहिलं, तर ग्राहकाच्या दृष्टीने आणखी एक माणूस वाढतो, बाकी काही बदलत नाही. नाव, हुद्दा आणि फोनवर काय ठरू शकतं, हे तिन्ही हवं. हे वाक्य लिहिण्याआधी पेंडश्यांना विचारलेलंच हवं. मेलमध्ये पर्यायी मशीनचं नाव निघालं आणि फोनवर ‘बघावं लागेल’ असं उत्तर आलं, तर तो फोन न केलेला बरा.

नोंदींच्या ओळीही सहज गाळल्या जातात. वरिष्ठांनी रिपोर्ट वाचले नसतील, तर ग्राहकाला सगळी कहाणी पहिल्यापासून सांगावी लागते आणि १५ पैकी १० मिनिटं त्यातच जातात. या मार्गाचा हाच मोठा धोका आहे. मेलच्या उत्तरात ‘पुन्हा सगळं सांगायचं का?’ असं आलं, तर तो धोका खरा झाला असं समजावं आणि फोनआधी पेंडश्यांसमोर रिपोर्ट ठेवावेत.

खोलीतल्या हवेचा मुद्दा मात्र मेलमध्ये मुद्दाम नाही. तंत्रज्ञाचा अंदाज बरोबर असू शकतो, पण कागदावर तो ‘चूक तुमचीच’ असा वाचला जातो. लाइन थांबली म्हणून दिलगिरी, कारणाबद्दल काहीच नाही, इथेच मेलने थांबावं. कारणाची चर्चा फोनवर, खोलीचं तापमान मोजण्याच्या प्रस्तावासकट.

दुसऱ्या मार्गात पेंडसे स्वतः लिहितात आणि मेल चार ओळींची होते: ‘तुमची आजची मेल मी वाचली. मी सेवाप्रमुख आहे आणि हे प्रकरण आता माझ्याकडे आहे. १२ वाजता फोन करतो, मुग्धाही फोनवर असतील.’ ग्राहकाला वजन लगेच जाणवतं. त्याने थेट मालकांना लिहिलं असेल, करार मोडण्याची भाषा केली असेल किंवा उत्पादन पूर्ण ठप्प असेल, तर मी हाच मार्ग घेईन. अशा वेळी मधल्या माणसाची मेल टाळाटाळ वाटते.

पण याची किंमत नंतर मोजावी लागते. पुढे फिल्टर बदलायचा असला तरी ग्राहक पेंडश्यांनाच लिहितो, आणि मुग्धाला तो विचारेनासा होतो. शिवाय तपशील हाताशी नसताना वरिष्ठ ‘उद्या नवीन मशीन देतो’ असं बोलून जाण्याची शक्यता इथे जास्त. म्हणून मुग्धाचं नाव त्या चार ओळींत असलंच पाहिजे, आणि फोनवर ती प्रत्यक्ष हवी.

लिंकचा मार्ग या प्रसंगी मी सुचवणार नाही. परदेशातला ग्राहक असेल, वेळेचे पट्टे जुळवायचे असतील, तर ती सोयीची. शॉप फ्लोअरवर वैतागून उभ्या असलेल्या माणसाला मात्र पान उघडून रिकामी जागा शोधायला लावणं म्हणजे आपलं काम त्याच्यावर टाकणं.

वेळ निवडताना कारखान्याचा दिवस माहीत हवा. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. बुधवारी मेल लिहून ‘उद्या सकाळी’ म्हटलं, तर प्रत्यक्षात शुक्रवार उजाडतो. म्हणून वरच्या मेलमधल्या दोन्ही वेळा आजच्याच आहेत, आणि जेवणाच्या व दुपारी पाळी बदलण्याच्या गडबडीपासून दूर. सुट्टीचा दुसरा उपयोग फोनवर मांडण्यासारखा आहे: कूलर बदलायचाच असेल तर गुरुवार उत्तम, कारण हवा बंद ठेवता येते. पण लोड नसताना तापमान चढत नाही, त्यामुळे दुरुस्ती झाली की नाही हे शुक्रवारी पूर्ण पाळी चालल्यावरच कळेल. पेंडश्यांनी ‘गुरुवारी सगळं तपासून देतो’ असा शब्द देऊ नये.

फोन नंबर मेलमध्ये देण्याचं कारण साधं आहे: अनोळखी नंबर आजकाल बरेच जण उचलत नाहीत. मेल गेल्यावर मुग्धाने व्हॉट्सॲपवर एक ओळ टाकावी, ‘मेल पाठवली आहे, १२ की ५?’ कॉम्प्रेसरशेजारी उभ्या माणसाला तिथून एका आकड्यात उत्तर देता येतं.

थोडक्यात निवड अशी करता येईल: ग्राहक अजून मुग्धाशी बोलतो आहे, तर मेल तिची. त्याने तिला ओलांडून वर लिहिलं आहे, तर मेल पेंडश्यांची. आपल्या प्रसंगात ‘वरच्यांशी बोलायचं आहे’ हे त्याने मुग्धालाच लिहिलं आहे, म्हणून पहिला मार्ग. फोननंतर तासाभरात त्याच मेलच्या साखळीत मुग्धा ठरलेलं लिहून पाठवेल: पर्यायी मशीन कधी पोहोचेल, कूलर कोण बदलेल, शुक्रवारी तापमान कोण नोंदवेल आणि पेंडसे पुन्हा किती वाजता फोन करतील.