450 दिवसांचे आठवडे किती? कागद, मोबाईल की एक्सेल, कोणती पद्धत धरायची

वर्क ऑर्डरवर मुदत दिवसांत लिहून येते आणि साईटवर सगळं चालतं आठवड्यांवर. मजुरांचा हप्ता आठवड्याने, सिमेंटची गाडी आठवड्याने, मालकाला फोटो पाठवायचे तेही आठवड्याने. मग 450 दिवस हातात आले की पहिला प्रश्न हाच, आठवडे किती आणि वर सुटे दिवस किती. आपल्याकडे सावदा-रावेर पट्ट्यात केळीचे कोल्ड स्टोरेज, रायपनिंग चेंबर बांधायची कामं घेणारे बरेच जण हे मोबाईलवर करतात, काही वहीत करतात, पोरगा शिकलेला असला तर एक्सेलमध्ये. तिन्ही बरोबर उत्तर देतात पण तिन्ही वेगवेगळ्या जागी फसवतात, म्हणून एकच काम धरून तिन्ही बघू. काम 450 दिवसांचं, सुरुवात सोमवार 1 सप्टेंबर 2025.

आधी कागद. साताने भागायचं, पण सरळ भागत बसण्यापेक्षा तुकडे पाडले तर तोंडी होतं. सात सक बेचाळीस, म्हणजे 420 दिवसांचे झाले 60 आठवडे. उरले 30. त्यात सात चोक अठ्ठावीस, अजून 4 आठवडे. बाकी 2. उत्तर 64 आठवडे 2 दिवस. पडताळा पण लगेच होतो, 64 गुणिले 7 म्हणजे 448, त्यात 2 मिळवले की 450. बाकी 7 किंवा त्याच्या वर आली तर समजायचं की अजून एक आठवडा निघतोय. एकच आकडा असेल तर मला तरी याच्यापेक्षा चांगली पद्धत दिसत नाही, कारण बाकी थेट दिवसांतच मिळते.

मोबाईलवर 450 भागिले 7 केलं की येतं 64.285714. इथे 64 बरोबर, पण पुढचं .28 हे दिवस नाहीत, तो आठवड्याचा भाग आहे, त्याला परत 7 ने गुणावं लागतं. बरेच जण पॉईंटनंतरचा पहिला आकडाच दिवस म्हणून वाचतात, आणि घात असा की इथे ते 2 वाचतात आणि 2 च बरोबर निघतं, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. पण 45 दिवस घ्या, येतात 6.428571, पहिला आकडा 4 आणि खरे सुटे दिवस 3. 130 दिवसांना 18.571428, वाचला 5, खरे 4. सुटा दिवस 1 किंवा 2 असला तरच हा धोपट मार्ग जमतो, 3 पासून पुढे चुकतोच, 6 दिवस उरले तर स्क्रीनवर .857142 दिसतं आणि त्याला 8 दिवस म्हणायचं तर आठवडाच ओलांडला. म्हणून कॅल्क्युलेटर वापरायचा तर आलेल्या उत्तरातून 64 वजा करा आणि जे उरलं त्याला 7 ने गुणा. .285714 ला गुणून 1.999998 येईल, ते 2 च, त्याला 1 समजून सोडू नका.

एक्सेलमध्ये दोन वेगळे कॉलम करायचे, एकात आठवडे, एकात दिवस:

```
=INT(A2/7)
=MOD(A2,7)
```

A2 मध्ये दिवस. इथे लोक काय करतात, नुसतं =A2/7 लिहितात आणि दशांश दिसू नयेत म्हणून सेलचं फॉरमॅट शून्य डेसिमल करतात. मग 130 दिवसांना सेल दाखवतो 19 आठवडे, कारण 18.57 जवळच्या पूर्ण आकड्यावर जातं, म्हणजे कागदावर 3 दिवस फुकट वाढले. एक्सेलची खरी गरज लागते ती काम टप्प्यांत फोडल्यावर. समजा पाया 45 दिवस, कॉलम-स्लॅब 100, भिंती-प्लास्टर 130, इन्सुलेशन आणि मशिनरी 175, बेरीज 450. प्रत्येक टप्पा वर ढकलून पूर्ण आठवडे लिहिले तर 7, 15, 19, 25, एकूण 66 आठवडे म्हणजे 462 दिवस, मुदतीच्या 12 दिवस बाहेर गेलात आणि चार्ट बघून ते कळतही नाही. सुट्या दिवसांसकट लिहिलं तर 6 आठवडे 3 दिवस, 14 आठवडे 2, 18 आठवडे 4 आणि 25 पूर्ण. आठवडे झाले 63, सुटे दिवस 9, त्या 9 चा अजून एक आठवडा आणि 2 दिवस, परत 64 आठवडे 2 दिवस. म्हणून बेरीज कायम दिवसांची करायची आणि आठवडे अगदी शेवटी काढायचे.

पण पद्धत कोणतीही धरा, त्याच्या आधी एक गोष्ट वर्क ऑर्डरमध्ये बोट ठेवून वाचा भो, 450 दिवस कॅलेंडरचे की कामाचे. कॅलेंडरचे असतील तर रविवार, आखाजी, पोळा, या मुदतीत येणाऱ्या दोन दिवाळ्या सगळं त्यातच गेलं. पहिला दिवस धरून मोजला तर शेवटचा दिवस मंगळवार 24 नोव्हेंबर 2026. तारखेत सरळ 450 मिळवले तर 25 नोव्हेंबर येतं, तो एक दिवस जास्त, एक्सेलमध्ये म्हणून =B2+A2-1 लिहायचं, B2 मध्ये सुरुवातीची तारीख. आणि कामाचे दिवस म्हटले असतील, रविवार सुट्टी, तर भागायचं 6 ने. 450 भागिले 6, बरोबर 75 आठवडे, सुटा एकही नाही. शेवट जातो शनिवार 6 फेब्रुवारी 2027 वर, सण अजून वजा केलेच नाहीत तरी:

```
=WORKDAY.INTL(B2-1,A2,11)
```

यातला 11 म्हणजे फक्त रविवार सुट्टी. सणांच्या तारखा वेगळ्या कॉलममध्ये लिहून चौथ्या जागी त्यांची रेंज दिली की त्याही वगळल्या जातात. सहाने भागायचं काम साताने केलं तर 75 चे 64 होतात, तब्बल अकरा आठवड्यांचा फरक, त्याच्यापुढे वरच्या सगळ्या चुका किरकोळ आहेत. सरकारी काम असेल तर मुदत पावसाळा धरून की सोडून तेही निविदेतच बघायचं.

माझं मत विचाराल तर एका कामाची मुदत सांगायची असेल तर कागद. टप्पे चार-पाचच्या वर गेले किंवा तारखा हलणार असतील तर एक्सेल. मोबाईल मी फक्त पडताळ्याला ठेवीन.

आणि ते सुटे 2 दिवस चार्टमध्ये आहेत म्हणून सोडून देऊ नका, हप्ते किती वाटायचे ते त्यांच्यावर ठरतं. काम सोमवारी सुरू झालं, 64 आठवडे पूर्ण झाले, वर उरले सोमवार आणि मंगळवार. हप्ता गावच्या बाजाराच्या दिवशी वाटत असाल आणि बाजार शनिवारी असेल तर 64 हप्ते होतात आणि शेवटच्या शनिवारनंतरचे दिवस वेगळे चुकते करावे लागतात. बाजार मंगळवारी असेल तर त्याच मुदतीत 65 हप्ते, शेवटचा नेमका कामाच्या शेवटच्या दिवशी, तेव्हा त्या हप्त्याचे पैसे आधीच बाजूला काढून ठेवा.