एकच नोंद की नफा-तोटा समायोजन खातं? सांगलीतल्या एका हळद पेढीच्या हिशेबावरून

सांगलीच्या मार्केट यार्डातली हळदीची पेढी, तीन भागीदार. नावं नकोत, यार्डात त्यांना दादा, अण्णा आणि बापू म्हणतात तसंच म्हणू. 31 मार्च 2025 चा ताळेबंद झाला, 6,00,000 रुपये नफा 2:2:1 प्रमाणात वाटून भांडवल खात्यांना जमा झाला, तिघांनी सह्या केल्या. पुढे दिवाळीत वही-पूजनाच्या दिवशी बापूंनी सहज विचारलं, "अण्णा, माझा पगार कुठं गेला ओ?"

डीड काढलं. त्यात भांडवलावर 10 टक्के व्याज, उचलीवर 10 टक्के व्याज आणि बापूंना महिना 10,000 पगार असं स्वच्छ लिहिलेलं. वह्यांत तिन्हींपैकी एकही नाही. (डीडमध्ये नसतं, तर विषयच संपला असता. भागीदारी कायदा, 1932 नुसार करार नसेल तर भांडवलावर व्याज नाही आणि पगारही नाही.)

आता दुरुस्तीचे दोन रस्ते. एक, मागील समायोजनांचं विवरणपत्र करून भागीदारांच्या खात्यांत एकच नोंद. दुसरा, नफा-तोटा समायोजन खातं उघडून प्रत्येक बाबीची वेगळी नोंद. बंद झालेल्या वर्षात शिरून जुन्या नोंदी बदलणं हा तिसरा रस्ता मी धरतच नाही. सह्या झालेला ताळेबंद आणि टॅलीतला ताळेबंद जुळेनासे झाले की पुढचं काहीच जुळत नाही.

कुठलाही रस्ता घ्या, पहिलं काम सारखंच: वर्षाच्या सुरुवातीचं भांडवल शोधायचं. समोर असतं ते अखेरचं. दादांचं अखेरचं भांडवल 11,00,000. त्यात वाटलेला नफा 2,40,000 मिसळलेला आहे आणि 1,40,000 उचल वजा झालेली आहे. म्हणून उचल परत मिळवायची, नफा काढायचा: 10,00,000. तसंच अण्णांचं 6,40,000 अधिक 2,00,000 वजा 2,40,000, म्हणजे 6,00,000. बापूंचं 4,60,000 अधिक 60,000 वजा 1,20,000, म्हणजे 4,00,000. उचल वर्षभर थोडी थोडी झालेली, तारखा धड नाहीत, म्हणून त्यावर सरासरी सहा महिन्यांचं व्याज धरलं.

| | दादा | अण्णा | बापू | एकूण |
|---|---|---|---|---|
| भांडवलावर व्याज (जमा) | 1,00,000 | 60,000 | 40,000 | 2,00,000 |
| पगार (जमा) | – | – | 1,20,000 | 1,20,000 |
| उचलीवर व्याज (नावे) | 7,000 | 10,000 | 3,000 | 20,000 |
| निव्वळ मिळायला हवं होतं | 93,000 | 50,000 | 1,57,000 | 3,00,000 |
| जास्त वाटलेला नफा परत (2:2:1) | 1,20,000 | 1,20,000 | 60,000 | 3,00,000 |
| फरक | 27,000 नावे | 70,000 नावे | 97,000 जमा | 0 |

नोंद एवढीच: दादांचं भांडवल खातं नावे 27,000, अण्णांचं नावे 70,000, बापूंचं जमा 97,000. भांडवल स्थिर पद्धतीनं ठेवलं असेल तर हीच नोंद चालू खात्यांतून जाते.

समायोजन खात्याच्या रस्त्यानं गेलं तर आधी ते खातं 3,20,000 नं नावे पडतं आणि व्याज-पगार तिघांना जमा होतो. मग उचलीवरचं व्याज 20,000 त्यांना नावे टाकून समायोजन खात्याला जमा. उरलेला 3,00,000 चा खड्डा 2:2:1 नं तिघांकडून भरून खातं शून्य. शेवटी भांडवलाचे आकडे पैशाचाही फरक न पडता तेच येतात. मग निवड कशावर करायची?

खतावणीत काय दिसतं, यावर. एक नोंद केली तर बापूंच्या खात्यात नुसतं 97,000 दिसतं. त्यात पगार किती, व्याज किती, हे विवरणपत्र हाती असेल तरच कळतं. पेढीत भाऊबंद आहेत, सगळ्यांना मान्य आहे, विवरणपत्रावर तिघांच्या सह्या घेऊन ते फायलीत लावलंय, तर हे पुरतं. पण दोन वर्षांनी कुणी निवृत्त झाला आणि त्याच्या वारसानं खाती मागितली, की तो 97,000 चा आकडा भांडणाचं मूळ होतो. भागीदारांत कुरबुर असेल तर मी सरळ समायोजन खातं घेतो. दहा मिनिटांचं काम जास्त, पण प्रत्येक रुपया कुठल्या नावानं आला ते वहीच सांगते.

कराचा मुद्दा दोन्हींनी सुटत नाही. नफ्यातला वाटा भागीदाराच्या हातात करमुक्त असतो. व्याज आणि पगार त्याला करपात्र, आणि पेढीला ठरावीक मर्यादेत वजावट. वह्या दुरुस्त झाल्या म्हणून भरलेलं रिटर्न आपोआप बदलत नाही. नोंद टाकण्याआधी सीएंशी बोलायचं.

काही वेळा मात्र निवड उरतच नाही. याच पेढीत समजा गोदामातली 2,40,000 ची हळद अखेरच्या साठ्यात धरायची राहिली असती. तेव्हा प्रश्न फक्त आपापसातल्या वाटणीचा नसतो, पेढीचा नफाच कमी दाखवला गेलेला असतो. विवरणपत्रातला फरक शून्यावर येत नाही, कारण समोर मालाचं खातं उभं राहतं. तिथं समायोजन खातंच हवं: माल नावे, समायोजन खातं जमा, मग तिघांना 96,000, 96,000 आणि 48,000.

आता चुकीच्या जागा. नवख्या कारकुनाकडून हमखास होते ती अखेरच्या भांडवलावर व्याज धरण्याची. वरच्या उदाहरणात तसं केलं तर दादा 25,000 नावे, अण्णा 74,000 नावे, बापू 99,000 जमा. बेरीज तरीही शून्य! टॅली F7 मधली जर्नल नोंद तक्रार न करता घेते. विवरणपत्र जुळलं म्हणजे बरोबर, असं इथं कधीच मानू नका. जुळण्यानं फक्त बेरजेची चूक पकडली जाते. खरी तपासणी एकच: सुरुवातीचं भांडवल मागच्या वर्षाच्या, म्हणजे 31 मार्च 2024 च्या ताळेबंदाशी ताडून बघायचं.

दुसरी चूक जास्त महागात पडते. एप्रिल 2025 पासून या तिघांनी नफा समान वाटायचं ठरवलं होतं. नोंद चालू वर्षात पडणार, म्हणून प्रमाणही चालू वर्षाचं घेऊया, असं पेढीच्या मुनिमांनी सुचवलं. मग तिघांकडून 1,00,000 प्रत्येकी परत, आणि बापूंना 97,000 ऐवजी 57,000. चाळीस हजार हवेत! नफा ज्या वर्षाचा, प्रमाण त्या वर्षाचं. राहिलेली बाब दोन-तीन वर्षांची असेल तर प्रत्येक वर्षाचं वेगळं विवरणपत्र करायचं, शिवाय पहिल्या वर्षाच्या फरकानं दुसऱ्या वर्षाचं सुरुवातीचं भांडवल हलतं, तेही धरायचं. आणि त्या वर्षी नफाच पुरेसा नव्हता, तर भांडवलावरचं व्याज उपलब्ध नफ्यापुरतंच, हे आधी बघायचं.

बापूंच्या पेढीत शेवटी समायोजन खातं घेतलं. अण्णा म्हणाले, "एका ओळीत होतंय तर कशाला पसारा?" पण सत्तर हजार त्यांच्याच खात्याला नावे पडणार होते, आणि उद्या त्यांच्या मुलानं विचारलं तर उत्तर खतावणीत असावं, हे त्यांनाच पटलं. विवरणपत्र तरीही केलं. त्यावर तिघांच्या सह्या घेतल्या आणि ते डीडच्या मागं टाचलं.