पूर्णाभ्यस्त, अंशाभ्यस्त की अनुकरणवाचक? ऑप्शनवर टिक करायच्या आधी काय बघायचं

माझी धाकटी बहीण तलाठी भरतीची तयारी करतेय, तिच्या सराव पेपरमध्ये एक प्रश्न होता, "पूर्णाभ्यस्त शब्द ओळखा" आणि ऑप्शन होते घरघर, गडगड, जवळजवळ, फडफड. तिने सरळ घरघर वर टिक केली. कारण विचारलं तर म्हणाली "अगं घर आणि घर, पूर्ण शब्द दोनदा आलाय ना". उत्तर जवळजवळ आहे. आणि तिची चूक ही नुसती घाईची नव्हती, बहुतेक मुलं याच जागी अडकतात म्हणून हे नीट लिहून काढतेय.

आधी पुस्तकातली वाटणी दोन ओळीत. अभ्यस्त म्हणजे शब्दात एखादा शब्द किंवा अक्षरं पुन्हा आलेली असणं. पूर्ण शब्द जसाच्या तसा परत आला की पूर्णाभ्यस्त (हळूहळू, मधूनमधून), परत येताना एखाददुसरं अक्षर बदललं की अंशाभ्यस्त (उरलासुरला, शेजारीपाजारी), आणि आवाजाची नक्कल असली की अनुकरणवाचक (कडकड, किरकिर). क्लासमध्ये पण याच क्रमाने शिकवतात, आणि गोची इथेच होते, कारण मुलं मग पेपरात पण याच क्रमाने तपासतात, आधी बघतात की दोन्ही अर्धे सारखे आहेत का, सारखे दिसले की पूर्णाभ्यस्त म्हणून पुढे. आवाजाचा विचार करायची वेळच येत नाही.

माझं मत स्पष्ट आहे, क्रम उलटा करा. आवाज आधी, आकार नंतर.

का ते बघा. गडगड, कडकड, फडफड, खळखळ हे सगळे दिसायला पूर्णाभ्यस्तच आहेत, एक अक्षर इकडचं तिकडे झालेलं नाही. वर त्यांचे अर्धे सुटे काढले तर खरेखुरे शब्द निघतात. गड म्हणजे किल्ला, कड म्हणजे बाजू, फड म्हणजे तमाशाचा किंवा उसाचा, खळ म्हणजे चिकटवायची. पण ढग गडगडतात त्याचा किल्ल्याशी काय संबंध? नदी खळखळते त्यात चिकटवायची खळ कुठे आली? म्हणजे अर्धा शब्द मराठीत सापडतो एवढं पुरत नाही, त्या अर्ध्याचा अर्थ पूर्ण शब्दात शिल्लक राहिलाय का ते बघायचं. हळूहळू मध्ये हळू आहेच. घरघर मध्ये मात्र घर नाहीये, तो गळ्यातून येणारा आवाज आहे, माणूस शेवटच्या घटका मोजत असताना येतो तो, आणि त्यावरूनच "कारखान्याला घरघर लागली" असं म्हणतात, म्हणजे तो बंद पडायला आलाय. जात्याची पण घरघर असते. घराशी काडीचा संबंध नाही म्हणून अनुकरणवाचक.

आणि याच घर चे बाकीचे भाऊबंद शेजारी ठेवले की फरक एकदम डोळ्यात भरतो. "घरबिर घेतलंय का त्याने पुण्यात?" यातलं घरबिर अंशाभ्यस्त, बिर ला स्वतःचा अर्थ नाही, तो नुसता "घर वगैरे काहीतरी" एवढं सुचवतो. आणि "घरोघरी मातीच्या चुली" मधलं घरोघरी म्हणजे प्रत्येक घरी, इथे प्रश्न समासाचा असेल तर उत्तर अव्ययीभाव, गावोगाव, दारोदारी, जागोजागी सारखंच. तीन शब्द, तिन्हीत घर ऐकू येतं पण तीन वेगळी उत्तरं.

अनुकरण म्हणजे फक्त कानाला ऐकू येणारा आवाज असं पण समजू नका. लहान मूल दुडुदुडु धावतं तेव्हा पायाचा आवाज येतो की नाही कोण जाणे, पण त्या चालीची लय शब्दात उतरलेली आहे म्हणून तो पण याच गटातला. याला एक छान पुरावा लेखनाच्या नियमात मिळतो. मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांत हळूहळू सारख्या पुनरुक्त शब्दात दुसरा आणि चौथा स्वर दीर्घ लिहायला सांगितलाय, आणि लगेच म्हटलंय की शब्द नादानुकारी असेल तर उच्चाराप्रमाणे ऱ्हस्व लिहायचा, जसं लुटुलुटु, दुडुदुडु, रुणुझुणु. म्हणजे शुद्धलेखनाचा प्रश्न असला तरी आधी तुम्हाला गट ठरवावाच लागतो, एका अभ्यासात दोन प्रकारचे प्रश्न सुटतात हे मला फार आवडतं.

आता पूर्णाभ्यस्त विरुद्ध अंशाभ्यस्त. आवाज नाही हे नक्की झालं की मग आकार बघायचा, आणि इथे आकार खरंच पुरतो. मधूनमधून आणि अधूनमधून घ्या, अर्थाला जवळपास एकच, "तो मधूनमधून फोन करतो" आणि "तो अधूनमधून फोन करतो" यात कोणाला फरक सांगता येणार नाही. पण पहिला पूर्णाभ्यस्त, दुसरा अंशाभ्यस्त. अर्थावरून प्रकार ठरवायला गेलात तर इथे फसाल.

अंशाभ्यस्तात अजून एक समज पक्का बसलेला असतो की अर्थवाला शब्द पहिला आणि निरर्थक शेपूट दुसरं. बरेचदा तसंच असतं, शेजारीपाजारी मधला पाजारी एकटा कुठे भेटत नाही, गोडधोड मधला धोड पण नाही. पण अदलाबदल, आरडाओरडा, अवतीभवती, अधूनमधून यात खरा शब्द मागे आहे. आणि सटरफटर, किडूकमिडूक मध्ये तर दोन्ही अर्धे एकटे वापरता येत नाहीत, तरी कसला आवाज पण नाही, म्हणून अंशाभ्यस्तच. रिमझिम मात्र दिसायला तसाच असून अनुकरणवाचक, कारण तो पावसाचा नाद आहे.

पेपरात दुसरा प्रश्न येतो तो अर्थाचा, आणि इथे मात्र प्रकार पाठ असून उपयोग नाही, वाक्यात घालूनच बघावं लागतं. "कांदा बारीक बारीक चिर" आणि "बारीकसारीक गोष्टींवरून वाद नको". पहिल्यात बारीक हा बारीकच आहे, फक्त जोर वाढला. दुसऱ्यात आकाराचा प्रश्नच नाही, किरकोळ, क्षुल्लक असा अर्थ झाला. साधारण असं दिसतं की पूर्ण शब्द परत आला की मूळ अर्थ वाढतो किंवा वाटला जातो ("मुलांना दोन दोन लाडू दिले" म्हणजे प्रत्येकाला दोन, "कोण कोण आलं होतं?" म्हणजे अनेकजण आलेत हे धरून चाललोय), आणि अक्षर बदलून आला की "वगैरे, तसलंच काहीतरी, किरकोळ" अशी छटा येते. उरलेला भात म्हणजे उरलेला भात, उरलासुरला म्हणजे जे काय थोडंफार शिल्लक असेल ते. बि लावून केलेल्या शब्दात तर कधीकधी सरळ झटकून टाकणं असतं, "मला भीतीबीती काही वाटत नाही".

पण पूर्णाभ्यस्ताच्या या नियमाला जे अपवाद आहेत नेमके तेच परीक्षेत येतात, अर्थ बदलला तरी आवाजाची नक्कल नाही म्हणून ते राहतात पूर्णाभ्यस्तच. जवळजवळ शंभर माणसं म्हणजे सुमारे शंभर, तिथे अंतराचा विषयच नाही, आणि "मुलांनो जवळ जवळ बसा" मध्ये खरंच अंतर आहे, म्हणून तर आपण एक जोडून आणि एक सोडून लिहितो. वरवर पाहणे म्हणजे वर पाहणे नाही, खोलात न जाता पाहणे. कधी हा प्रश्न विचारणारा शब्द, पण कधीकधी म्हणजे काही वेळा, प्रश्न गायब. "साहेबांच्या पुढेपुढे करतो" मध्ये लाळघोटेपणा आहे. क्रियापदांतही तेच, "जाता जाता भाजी आण" म्हणजे जाण्याबरोबरच, पण "पडता पडता वाचला" म्हणजे पडलाच नाही, आणि "सांगून सांगून थकले" म्हणजे अनेकदा सांगितलं. ऑप्शनमध्ये "पडल्यावर वाचला" असं हमखास ठेवलेलं असतं, नीट वाचा.

आता जिथे मी छातीठोक सांगू शकत नाही ती जागा म्हणजे अभ्यस्त आणि समाहार द्वंद्व यांची शीव. भाजीपाला मध्ये भाजी वेगळी, पाला वेगळा, आणि त्याशिवाय इतर जिन्नस पण त्यात येतात, तो समाहार द्वंद्व. चहापाणी पण तसंच, पण चहाबिहा अंशाभ्यस्त, कारण बिहा नावाची वस्तू नाही. इथपर्यंत सोपं आहे. मात्र बाजारहाट, कागदपत्र, डावपेच असे शब्द, ज्यात दोन्ही भाग अर्थाचे आहेत आणि अर्थ जवळपास एकच, ते व्याकरणाच्या पुस्तकात अंशाभ्यस्ताखाली दिलेले असतात, आणि केरकचरा समाहार द्वंद्वाच्या यादीत असतो, खरं तर तिथे पण केर आणि कचरा एकच. इथे शब्दाशी भांडत बसू नका, ऑप्शन बघा. चारही ऑप्शन समासाचे असतील तर समाहार द्वंद्व घ्या, ऑप्शन शब्दसिद्धीचे असतील (उपसर्गघटित, प्रत्ययघटित, अभ्यस्त, सामासिक असे) तर मग दोन भाग वेगळ्या वस्तू आहेत की एकाच वस्तूची दोन नावं एवढं विचारा, वेगळ्या वस्तू असतील तर सामासिक, एकाच वस्तूची नावं असतील तर अभ्यस्त. चुळबुळ, लगबग, धडपड पण असेच अधेमधे लटकतात, हालचालीची नक्कल म्हणावी की अक्षर बदललेला शब्द, दोन्ही बाजूंनी बोलता येतं. असा शब्द ऑप्शनमध्ये दिसला तर त्याला शेवटी हात लावा, बाकीचे तीन आधी नक्की करा.

बहिणीला मग दुसरा प्रश्न मी स्वतः घातला. "अंशाभ्यस्त शब्द ओळखा: १) किरकिर २) वरवर ३) रुणुझुणु ४) आरडाओरडा". आधी आवाज, किरकिर गेला, रुणुझुणु पण गेला, अक्षर बदललेलं असूनही, पैंजणांचा नाद आहे तो. आरडाओरडा वर ती थांबली, म्हणाली "हा पण आवाजच आहे की". चांगली शंका आहे. पण आवाजाबद्दलचा शब्द असणं वेगळं आणि शब्द स्वतः आवाजाची नक्कल असणं वेगळं, ओरडणे हे साधं क्रियापद आहे, त्यावरून ओरडा आला आणि त्याला आरडा जोडला. किरकिर म्हटलं की रातकिडा ऐकू येतो, आरडाओरडा म्हटलं की कुठलाच विशिष्ट आवाज ऐकू येत नाही. उरला वरवर, त्यात काही बदललेलंच नाही, पूर्णाभ्यस्त. चारवर टिक केली आणि मग मला म्हणाली "ताई, गोंगाट कशात येतो?" त्यात काहीच परत आलेलं नाही गं, तो या यादीतच नाही.